माझ्या पाणाडीला सगळंच जमतंय आणि तिथंच कादंबरी बसलीय

आडवाट (धागाकर्ती), मंगळवार रात्री १०:४०

मंडळी, दोन वर्षं एक फँटसी कादंबरी लिहितेय. काल नववं प्रकरण संपवलं आणि लक्षात आलं की आपण खड्ड्यात आहोत.

कथा थोडक्यात अशी. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर असावं तसं एक काल्पनिक खोरं आहे. पाऊस कमी, पाच विहिरी. नायिका रेवू, वय १९. तिच्या घराण्यात पाणाड्याची विद्या आहे, पण खरी. म्हणजे ती नुसतं पाणी दाखवत नाही, बोलावते. विहिरीच्या कठड्यावर तळवा टेकला की पाणी चढतं. पहिल्या प्रकरणात ती गावची आटलेली विहीर भरते. पाचव्यात आग विझवते. नवव्यात शत्रूची फौज घळीत उतरते आणि रेवू घळ पाण्यानं भरून टाकते. फौज बुडते. संपलं.

अजून चौदा प्रकरणं आहेत आणि मला कळत नाहीये की तिला अडचण येणार कशी. प्रत्येक संकटावर पाणी आहेच. मी तिला दमवून पाहिलं. विद्या वापरली की नाकातून रक्त येतं, चक्कर येते. पण वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला, "मग झोपेल ना थोडी." तेव्हापासून हात थांबलाय.

जादूला किंमत आणि मर्यादा कशी ठरवायची? कुणी केलंय का?

फुकटफौजदार, १०:५८

सोप्पं आहे. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनचा नियम वाच. जादूला कायम किंमत असलीच पाहिजे आणि जादूचे सगळे नियम वाचकाला आधी सांगितलेच पाहिजेत. पहिल्या प्रकरणाच्या आधी एक तक्ता टाक: शक्ती, मर्यादा, किंमत. प्रश्न मिटला.

रातराणी, ११:१५

तक्ता?? कादंबरी आहे की गॅसच्या शेगडीची माहितीपत्रिका?

मला तर वाटतं नियम जितके सांगशील तितकी जादू मरते. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही कधी विचारलं नाही की सात समुद्रांपलीकडच्या पोपटात राक्षसाचा जीव नेमका कसा ठेवला.

विवेकी_विंचू, ११:३१

विषय गंभीर आहे म्हणून लिहितो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी एका माणसाचा जीव गेला. आणि आपण इथे पाणाड्यांची "खरी विद्या" यावर चर्चा करतोय. नारळ तळहातावर उभा करून पाणी दाखवणारे लोक आजही शेतकऱ्याकडून पैसे घेतात. लागलेल्या विहिरी सगळ्या गावाला सांगितल्या जातात, कोरड्या गेलेल्या कुणी मोजत नाही. अशा लेखनानं काय संदेश जाणार?

आडवाट, ११:४४

विंचूदादा, कादंबरी आहे हो. काल्पनिक खोरं. तुमचं म्हणणं पटतंच मला, पण प्रश्न तो नाहीये.

गोदाकाठ, बुधवार सकाळी ७:१२

आडवाट, तुझ्या नवऱ्यानं एका वाक्यात नेमकं बोट ठेवलंय. जी किंमत झोपून फिटते ती किंमत नव्हे, ती नुसती वाट बघायला लावते. लेखक "दुसऱ्या दिवशी सकाळी" असं लिहितो आणि नायिका पुन्हा ताजीतवानी.

आधी फौजदारांचं थोडं दुरुस्त करते. सँडरसन यांचा तो निबंध २००७ चा. त्यातला पहिला नियम किंमतीबद्दल नाहीच. तो एवढंच म्हणतो की जादूनं संघर्ष सोडवायचा असेल, तर वाचकाला ती जादू जितकी कळलेली असेल तितकंच ते सोडवणं पटतं. म्हणजे जबाबदारी फक्त सोडवण्याच्या बाजूला आहे. जादूनं अडचण *निर्माण* होत असेल तर ती कशी झाली हे सांगायची सक्ती नाही. पोपटात जीव ठेवला ही अडचण आहे, म्हणून रातराणीनं आजीला काही विचारलं नाही. पण शेवटी राजपुत्रानं अचानक नवीनच मंत्र म्हणून राक्षस मारला असता, तर तिनं नक्की विचारलं असतं.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात याचा सगळ्यात चोख नमुना पडून आहे: कर्णाची वासवी शक्ती. तीच नीट उलगडून बघू.

वनपर्वात इंद्र ब्राह्मणाचं रूप घेऊन कवचकुंडलं मागायला येतो. सूर्यानं कर्णाला स्वप्नात आधीच सावध केलेलं असतं: देऊ नकोस, आणि द्यायचीच असतील तर बदल्यात अमोघ शक्ती माग. कर्ण तसंच करतो. किंमत आधी भरली गेली आहे आणि ती परत मिळणार नाही. अंगावरून सोलून दिलेलं कवच कुठल्या झोपेनं परत येत नाही.

मर्यादा वेगळी. ही शक्ती एकाच शत्रूवर, एकदाच. नंतर ती इंद्राकडे परत. शिवाय एक कलम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. दुसरी अस्त्रं हाताशी असताना, किंवा जीव धोक्यात नसताना ती फेकली, तर ती फेकणाऱ्यावरच उलटेल.

बघ काय झालं. शक्ती अमोघ आहे, चुकणारच नाही. ताकदीत कुठंही काटछाट नाही. तरीही ती हातात आल्यापासून कर्ण मोकळा झाला नाही, अडकला. ती अर्जुनासाठी राखून ठेवायची, म्हणजे बाकी कुणासाठीही वापरायची नाही. आणि हे कृष्णाला माहीत आहे. चौदाव्या दिवसानंतरच्या रात्रीच्या युद्धात तो घटोत्कचाला पुढे काढतो. कौरवसेनेची दाणादाण उडते, सगळे कर्णाला ओरडून सांगतात, टाक ती शक्ती. कर्ण टाकतो. घटोत्कच पडतो, पांडव रडतात आणि कृष्ण आनंदानं अर्जुनाला मिठी मारतो.

वनपर्वात सांगितलेला नियम द्रोणपर्वात फळाला येतो. ऐकणाऱ्याला तो माहीत आहे म्हणूनच त्या रात्री त्याचा श्वास अडकतो. "आता टाकणार की नाही?" हा प्रश्न नियम माहीत नसता तर पडलाच नसता.

रेवूच्या हातून विद्या काढून घेऊ नकोस. तिला ती वापरावीशी वाटेल आणि वापरताना हात थरथरेल, असं कर.

फुकटफौजदार, ८:०५

मान्य, निबंध बऱ्याच वर्षांपूर्वी वाचला होता. पण कर्णाचं अजून एक आहे ना, ऐन वेळी अस्त्र विसरतो. ती पण शक्तीचीच अट होती.

गोदाकाठ, ८:२०

नाही. तो परशुरामाचा शाप, ब्रह्मास्त्राबद्दलचा. खोटं बोलून विद्या मिळवली त्याची किंमत. वासवी शक्तीशी त्याचा संबंध नाही. पण तुम्ही आणलंत ते बरं केलंत, कारण ही तिसरीच तऱ्हा आहे. तिथे किंमत *नंतर* वसूल होते, आणि कर्णाला तारीख माहीत नाही.

डाव_मोडू_नका, ११:१०

गोदाताई, तरी एक शंका राहतेच. कर्ण अकराव्या दिवशी युद्धात उतरला. अर्जुन रोज समोर आहे. मग चौदाव्या रात्रीपर्यंत शक्ती का टाकली नाही? माझ्या टेबलावर कुणी असं केलं असतं तर बाकीच्यांनी पत्ते तोंडावर मारले असते.

(मी वीकेंडला मित्रांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतो, पाच खेळाडू, सगळे आयटीवाले, सगळे वकिली डोक्याचे.)

गोदाकाठ, ११:४८

हा प्रश्न तुमच्या आधी धृतराष्ट्रानं विचारलाय! द्रोणपर्वातच तो संजयाला विचारतो की कर्णानं अर्जुनावर शक्ती का सोडली नाही. संजय सांगतो की आम्ही रोज रात्री कर्णाला बजावायचो, उद्या अर्जुनावर टाक. आणि सकाळी सगळे विसरून जायचे, दैवानं बुद्धी हिरावली. आणि कृष्ण सात्यकीला सांगतो की मीच कर्णाला भुलवत होतो, ती शक्ती होती तोवर मला झोप नव्हती.

आता हे उत्तर पटतं का? मला विचाराल तर अर्धवट. इथे कवीला भोक दिसलं आणि त्यानं त्यावर ठिगळ लावलं. ठिगळ सुंदर आहे, पण ठिगळच.

रातराणी, १२:०२

अजिबात नाही. "कृष्णाला झोप नव्हती" हे ठिगळ? पूर्ण महाभारतात देव घाबरलेला दिसतो अशा जागा किती आहेत?

गोदाकाठ, १२:०९

वाक्य म्हणून तू म्हणतेस ते शंभर टक्के. रचना म्हणून मी माझ्या मतावर ठाम. राहू दे, यावर आपलं एकमत होणार नाही.

डाव_मोडू_नका, दुपारी १:३५

माझा अनुभव सांगतो, आडवाटला उपयोगी पडेल.

खेळात मंत्रांची संख्या दिवसाला मोजून असते. आठ तास विश्रांती घेतली की सगळे परत. कागदावर ही मर्यादा आहे. प्रत्यक्षात काय होतं? माझे खेळाडू पहिल्या खोलीत सगळे मंत्र उडवतात, दाराला कडी लावतात आणि झोपतात. पुन्हा दुसरी खोली, पुन्हा झोप. म्हणजे आडवाटच्या मिस्टरांचंच वाक्य. यावर मला सापडलेला उपाय एकच: झोपलात तर बाहेर काहीतरी *पुढे सरकलं पाहिजे*. ओलीस माणसाला पहाटे फाशी आहे म्हटलं की तेच आठ तास महाग होतात. नियम तोच, घड्याळ बदललं.

दुसरं. खेळात पाणी निर्माण करायचा मंत्र आहे, दहा गॅलन. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "समोरच्याच्या फुफ्फुसात पाणी काढू?" नियमात शब्द आहेत "उघड्या भांड्यात". त्यावर तो म्हणाला, "तोंड उघडं आहे की." वीस मिनिटं वाद.

म्हणून सांगतो आडवाट, तुझी विद्या एखाद्या खट्याळ माणसाच्या हातात दे आणि त्याला म्हण, हिचा गैरवापर कर. माझ्या डोक्यात पाच मिनिटांत आलेलं लिहितो. माणसाच्या अंगातलं पाणी रेवू बोलावू शकते का? बोलावू शकत असेल तर तिला फौज बुडवायची गरजच काय, सेनापतीच्या खांद्यावर हात ठेवला की झालं. विहिरीचं पाणी चढतं, तर नदीचं? ढगाचं? आणि पाणी नेहमी येतंच का, की घालवताही येतं?

यातल्या ज्याचं उत्तर "हो" ते वाचक तिसऱ्या प्रकरणात विचारणार, आणि तू वापरलं नाहीस तर रेवूला बावळट म्हणणार.

आडवाट, २:२०

अंगातलं पाणी... देवा. माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

बरं, ठरवून टाकते. फक्त जमिनीतलं पाणी. आणि तळवा विहिरीच्या दगडाला लागलाच पाहिजे. ढग, नदी, माणूस, काही नाही.

बांधावरचा, संध्याकाळी ६:५०

नमस्कार. मी कादंबऱ्या फार वाचत नाही, पण विहिरी तीन खोदल्यात, त्यातली एक कोरडी गेली. एक साधा प्रश्न आहे.

ते पाणी येतं कुठून?

म्हणजे तुमच्या रेवूनं बोलावलं, पाणी चढलं. आकाशातून तर पडलं नाही. आमच्याकडे वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये. खाली काही तळं नसतं. शेजारच्यानं बोअर खोल घेतला की आमची विहीर बसते, कारण झरा एकच असतो. मी वर उपसलं तर खालच्याला कमी. त्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं पाहिलंय.

तर रेवूनं एक परस पाणी चढवलं तर ते कुणाच्या तरी विहिरीतून एक परस गेलं असणार. जादू असली तरी.

गोदाकाठ, ७:०१

बांधावरचे, तुम्ही आत्ता तिची कादंबरी लिहून दिलीत.

रातराणी, ७:०४

अंगावर काटा.

आडवाट, ७:३०

मी दहा मिनिटं नुसती बसून होते.

परस म्हणजे सहा फूट धरू ना? आणि साधारण विहीर किती रुंद धरायची?

बांधावरचा, ८:१५

परस म्हणजे चार हात, सहा फूट धरा. विहीर वीस फुटी धरा, हिशोबाला सोपी.

वीस फूट व्यास म्हणजे तळाचं क्षेत्र ३१४ चौरस फूट. सहा फूट उंचीनं गुणलं की १,८८४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे एक परस पाणी साधारण ५३,००० लिटर. टँकरच्या हिशोबात सांगायचं तर दहा हजारांचे पाच टँकर आणि वर थोडं.

आता गाव आठशे माणसांचं धरा. नळ नाही, डोक्यावरून हंडे, माणशी वीस लिटर. १६,००० झाले. गुरं दोनशे, प्रत्येकी चाळीस लिटर, ८,०००. रोजचे २४,०००. म्हणजे एक परस पाणी गावाला सव्वादोन दिवस पुरतं.

आणि अजून एक. मार्चमध्ये विहीर उपसली तरी सकाळपर्यंत झरे बऱ्यापैकी भरतात. मेमध्ये तीच विहीर उपसून ठेवली तर दुसऱ्या दिवशी तळाला हंडाभर पाणी वाटीनं गोळा करावं लागतं. तेव्हा रेवूनं माघात चोरलं तर कुणाला कळणार नाही. वैशाखात चोरलं तर बोंब होईल.

डाव_मोडू_नका, ८:३३

हे कमाल आहे. मी जे घड्याळ बाहेरून लावतो ते यांनी ऋतूतच बसवलं. नियम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच, पण जसजसा उन्हाळा चढेल तसतशी किंमत आपोआप वाढत जाते. तेराव्या प्रकरणात नवी अट शोधून काढायची गरजच नाही.

आता नवव्या प्रकरणाचा हिशोब लावू. आडवाट, घळ केवढी?

आडवाट, ८:५०

मनात होती तशी: तीस फूट रुंद, शंभर फूट लांब, पाणी छातीपर्यंत, पाच फूट.

डाव_मोडू_नका, ८:५८

१५,००० घनफूट. भागिले १,८८४. आठ परस.

आठ गुणिले सव्वादोन, अठरा. गावाचं अठरा दिवसांचं पाणी एका दुपारी.

फुकटफौजदार, ९:०२

अठरा! महाभारत सोडत नाही आपल्याला.

बांधावरचा, ९:२०

घळीत पाणी थांबणार नाही हो. उतार आहे, खाली वाहून जाईल. तोंडाशी बांध घालावा लागेल, आणि पाच फूट पाण्याला टिकेल असा बांध म्हणजे शेकडो माणसांचं काम. गाव आठशेचं, त्यातले कामाचे किती? आणि बांध घालताना फौज बघत बसणार का?

शिवाय तळवा विहिरीच्या दगडाला लागला पाहिजे म्हणालात ना. घळीत विहीर आहे का?

आडवाट, ९:४१

नाही. :(

गोदाकाठ, ९:५५

रडू नकोस, हे चांगलंच झालं. घळीत जुनी, बुजलेली विहीर असू दे. ती आधी उकरावी लागेल, बांध घालावा लागेल, आणि दोन्हीसाठी रेवूला गावाची मदत मागावी लागेल. आणि मागायची तर सांगावं लागेल की पाणी कुठून येणार आहे. आठ परस. पाच विहिरींतून. मृगाला वीस दिवस असताना.

म्हणजे नववं प्रकरण लढाईचं राहिलं नाही. ते पंचायतीचं झालं.

रातराणी, १०:१०

आता माझी बाजू मांडते, कारण तुम्ही सगळे लिटर मोजण्यात रंगलात.

तळ्याला किंवा विहिरीला पाणी लागेना म्हणून सुनेचा बळी देतात, अशा कथा आपल्याकडेही आहेत आणि कर्नाटकातही. कन्नडमधलं भागीरथीचं गाणं तर प्रसिद्ध आहे. तिथे एकही आकडा नाही. किती पाणी, किती खोल, कुणी विचारत नाही. तरी ऐकताना पोटात गोळा येतो, का? कारण निर्णय सासरा घेतो आणि किंमत सून भरते. आणि तिला कळलेलं असतं. माहेरी जाऊन येते, आईबापांना खरं सांगत नाही, परत येते आणि पायऱ्या उतरते.

हिशोब हवाच, पण आडवाट, तुझ्या गोष्टीत निर्णय कुणाचा आणि भरतंय कोण, हे आधी ठरव. रेवू स्वतःच भरत असेल तर ती शूर. दुसरं कुणी भरत असेल तर ती कोण?

गोदाकाठ, १०:२२

याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहेस.

विवेकी_विंचू, १०:४०

मी काल थोडं घाईनं लिहिलं. धागा वाचतोय. या रचनेत एक गोष्ट मला आवडली: रेवूच्या गावाला "चमत्कार" दिसतो आणि वरच्या वाडीला नुसती कोरडी विहीर. पाणाड्याच्या लागलेल्या आणि न लागलेल्या विहिरींसारखंच. जिथे पाणी आलं तिथे हार घालतात, जिथून गेलं तिथे म्हणतात देव कोपला. हे दाखवलंत तर माझी काही तक्रार नाही.

फक्त शेवटी रेवूचं देऊळ बांधू नका.

आडवाट, १०:५२

विंचूदादा, "देव कोपला" चोरतेय.

फुकटफौजदार, ११:०५

एक व्यावहारिक प्रश्न. रेवूला माहीत आहे का पाणी कुठल्या विहिरीतून येतंय? माहीत असेल तर ती शत्रूच्याच विहिरीतून ओढेल. पुन्हा सगळं फुकट.

डाव_मोडू_नका, ११:१२

फौजदार, हा खरा मुद्दा काढलात. ही पळवाट बुजवलीच पाहिजे. मी सांगेन: निवडता येत नाही. झरा जिकडून जोडलेला असेल तिकडून येतं.

बांधावरचा, ११:३०

आणि पाणलोट एकच असेल तरच. डोंगराच्या धारेपलीकडचं पाणी इकडे येत नाही सहसा. म्हणजे फौज धारेपलीकडून आली असेल तर तिच्या विहिरी सुरक्षित. तुमच्या रेवूला फक्त आपल्याच लोकांचं पाणी घेता येतं.

आडवाट, गुरुवार रात्री ९:१८

दिवसभर ऑफिसात लक्ष नव्हतं. पहिलं प्रकरण परत लिहिलं. एक तुकडा टाकतेय. नियम अजून वाचकाला कळलेला नाही, पण खूण ठेवलीय.

> रेवूनं तळवा दगडावर टेकला. दगड उन्हानं तापलेला होता, आणि मग नव्हता. खालून गारवा चढत आला तसा कुणीतरी ओरडलं, "चढलं, चढलं!" आठवा टप्पा बुडाला, सातवा बुडाला. बायांनी हंडे पुढं सरकवले. कुणी हळद आणली, कुणी तिच्या पायावर पाणी घातलं, तिच्याच पाण्यातलं.
>
> त्याच दुपारी वरच्या वाडीत तिच्या थोरल्या बहिणीनं, सगुणानं, पोहरा सोडला. दोर संपला तरी पोहरा बुडाल्याचा आवाज आला नाही. तिनं दोर हलवून पाहिला. सासू म्हणाली, "गाठ नीट मारली नसशील."

रातराणी, ९:२५

"गाठ नीट मारली नसशील." बास. एवढ्यावर मी पुस्तक विकत घेईन.

गोदाकाठ, ९:३३

"तिच्याच पाण्यातलं" यातला "तिच्याच" काढ. तो शब्द वाचकाला कोपरानं ढोसतोय. बाकी हात लावू नकोस.

बांधावरचा, ९:४०

चांगलं लिहिलंय. एक चूक आहे. पोहरा कोरड्या विहिरीत गेला तर आवाज येतोच, दगडावर आपटल्याचा. आणि तो ऐकला की विहिरीवरच्या सगळ्या बाया गप्प होतात. मी लहानपणी ऐकलाय.

आडवाट, ९:४७

बदलते. हे माझ्या बापजन्मात सुचलं नसतं.

डाव_मोडू_नका, १०:०४

आता एक भोक उरतंय, आत्ताच सांगतो, नाहीतर छापून आल्यावर कुणीतरी सांगेल. घराण्यात विद्या आहे म्हणालीस. मग शेकडो वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का, की इकडे चढलं की तिकडे उतरतं? रेवूच्या आईला माहीत होतं का?

आडवाट, १०:१५

...

गोदाकाठ, १०:१९

धृतराष्ट्राचा प्रश्न आला बघ. ठिगळ लावणार की गोष्ट करणार?

फुकटफौजदार, १०:२४

आईला माहीत होतं. म्हणून तिनं विद्या वापरायची सोडली आणि गावानं तिला वाळीत टाकलं. सरळ आहे.

रातराणी, १०:२६

फौजदार!! कुठून आणलंत हे?

गोदाकाठ, १०:३१

मला पटत नाही. आई गप्प का राहिली, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. रेवूला सांगायला काय अडलं होतं? एक वाक्य बोलली असती तर पहिलं प्रकरणच घडलं नसतं.

बांधावरचा, १०:४४

सांगितलं असेल. पण पहिल्यांदा विहीर भरायला लागली तेव्हा समोर कोण होतं ते बघा. आठशे माणसं, हंडे घेऊन. तिथं कुणाला कुणाचं ऐकू येतंय.

आडवाट, ११:२०

दोन्ही लिहून बघते. आई गप्प, आणि आईनं सांगितलेलं पण रेवूनं मनावर न घेतलेलं. सगुणाला कधी कळतं हेही अजून ठरलेलं नाही. सहाव्यात कळलं तर नवव्यातल्या पंचायतीत ती समोर बसलेली असेल. तेराव्यात कळलं तर तोवर तिच्या घरातली गुरं विकून झालेली असतील.

रातराणी, ११:२३

सहाव्यात. समोर बसव तिला.

डाव_मोडू_नका, ११:२५

तेराव्यात.